मंत्रांमधली टक

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला. राहिली ती कुजबुज, तीही कानाशी तोंड नेलं तर ऐकू येणारी. नाशिकच्या रामकुंडावर आयुष्यभर श्राद्धविधी सांगितलेला माणूस! ऑपरेशनला जायच्या आधी मी त्यांच्याकडून सगळा विधी फोनवर रेकॉर्ड करून घेतला होता, तेवढं एक शहाणपण.

मग घाटावर बाबा ब्लूटूथ स्पीकर घेऊन बसायला लागले. एक ओळ वाजवायची, पॉज करायचं, यजमानानं ती म्हणायची, त्याचं पुरतं झालं की पुढची. बोट बाबांचं, नजर यजमानाच्या तोंडावर. बाबा पुन्हा जिवंत झाले होते, खोटं कशाला सांगू.

पण त्या स्पीकरनं मांडला छळ. पॉज केलं की क्षणभरानं ‘टक’. पुन्हा सुरू केलं की परत ‘टक’, आणि ओळीचं पहिलं अक्षर गिळलेलं. पिंडावर पाणी सोडताना यजमान दचकायचे. बाबा घरी येऊन कुजबुजायचे, “मंत्राचं डोकं उडवतंय गं ते. असलं अर्धवट मी कुणाला सांगू?” दोनदा तर म्हणाले, आता बसणं बंद करतो. घाट सुटला असता तर हा माणूस संपला असता.

स्पीकर घेतला तो द्वारका चौकातला दुकानदार म्हणाला, “मॅडम, आजकाल सगळ्यांत असंच.” म्हटलं, तुमचं डोंबल! मी सिन्नरच्या कारखान्यात दिवसभर सर्किट बोर्डच तपासते. आवाज थांबला की बॅटरी वाचवायला स्पीकर आतला अ‍ॅम्प्लिफायर झोपवतो. झोपताना आणि उठताना स्पीकरच्या आतल्या, आवाज काढणाऱ्या पडद्याला विजेचा झटका बसतो, तीच टक. आणि उठायला जो वेळ लागतो, त्यात पहिलं अक्षर जातं. त्या स्पीकरमध्ये हे बंद करायची सोयच नव्हती. वायर लावून पाहिली, तरी तेच. शांतता झाली की हे महाशय झोपणारच. फोनवर मागे दुसरा बारीक आवाज चालू ठेवून पाहिला, तर फोन एक लावला की दुसरा बंद करायचा.

उपाय एकच उरला: शांतताच होऊ द्यायची नाही. पॉज करायचंच नाही. सगळा विधी सलग एका ट्रॅकमध्ये, आणि ओळींमधल्या जागेत आमच्या पुढच्या खोलीतल्या पंख्याची घरघर, इतकी बारीक की घाटावर कुणाला कळू नये, पण स्पीकर जागा राहावा.

जागा केवढी सोडायची ते बाबांनी ठरवलं. माझ्यासमोर बसून ते यजमान व्हायचे. तोंडातल्या तोंडात ओळ म्हणायचे, अडखळायचे, मग हात वर करायचे: पुढची. “म्हाताऱ्याला जास्त लागतं,” म्हणायचे, “रडणाऱ्याला त्याहून.” टक गेली. अक्षरं शाबूत आली. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

आठवड्याभरातच चुलतभाऊ घरी आला. तोही घाटावर बसतो, पण पाठांतराच्या नावानं बोंब. “काका, मस्तच झालंय! मला पाठवा ना, मी पण वाजवेन.” बाबांनी ट्रॅक लगेच पाठवला. मी चिडले तर म्हणाले, “असू दे गं, घरचाच आहे.”

घरचाच! त्यानंच आमच्या यजमानांना फोन केले. काकांची तब्येत बरी नसते, आवाज त्यांचाच आहे, मग त्यांना कशाला उन्हात बसवायचं? लोकांनाही ते पटलं. आधी बाबांच्या बोटावाचून विधी पुढे सरकत नव्हता. आता बटण एकदा दाबलं की झालं, ते कुणीही दाबतं. बाबा मात्र रोज सोवळं नेसून आपल्या जागेवर जाऊन बसायचे, समोर कुणी नसलं तरी.

गेल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर होते. चार हातांवर चुलतभाऊ, त्याच्यापुढे चाळिशीचा एक माणूस, आईचं करायला आलेला. बाबांचा आवाज खणखणीत चालला होता. आईचं नाव घ्यायची वेळ आली आणि त्या माणसाला हुंदका फुटला. नाव काही तोंडातून निघेना. ठेवलेली जागा संपली, पुढची ओळ सुरू झाली. चुलतभाऊ मान खाली घालून मोबाईलवर बोट फिरवत होता.

बाबा ताडकन उठले. हात वर केला आणि ओठ हलवले: थांब. थांब. चार हातांवर कुणाला ऐकू जाणार? मी ओरडेपर्यंत त्यांचाच आवाज त्या माणसाच्या आईच्या नावावरून पुढे निघून गेला होता, आणि एवढं सगळं होऊन त्या स्पीकरमधून साधी टकसुद्धा आली नाही.