जिच्यासाठी आत्या नाचली ती डिस्क

आमची आत्या कॉम्प्युटर दुरुस्त करते, पण तिच्या दुकानात तुम्ही गंभीर चेहरा टिकवून दाखवाच!

काल फोटोवाले काका जुना कॉम्प्युटर पोटाशी धरून आले. कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के कामात आणि माऊसचा बाण जागच्या जागी गोठलेला.

आत्याची पद्धत एकच, संशयितांना एकेक करून गप्प बसवायचं. आधी तिनं फायली लवकर सापडाव्यात म्हणून चालणारं इंडेक्सिंग थांबवलं. आकडा ढिम्म. मग अपडेट थांबवले. तरी शंभरच! आता डिस्कला काम जवळजवळ नव्हतं, तरी साधी फाईल द्यायला ती कित्येक सेकंद लावत होती. आत्यानं डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडला. वाचता न येणाऱ्या जागा वाढत चालल्या होत्या.

"सापडली! डिस्कच मरणाला टेकलीय!" आत्यानं टाळ्या पिटत गिरकी घेतली.

काकांचा चेहरा पडला. "अहो ताई, सगळे फोटो त्यातच आहेत! मरणाऱ्याच्या उशाशी कुणी नाचतं का?"

"अजून मेली नाही म्हणूनच तर नाचतेय!" आत्यानं नवी डिस्क जोडून तिच्यावर फोटोंची कॉपी लावली. "एरवी तुम्ही लोक मेल्यावरच घेऊन येता!"