अडकून पडलेलं आवतण

हंसाकाकींना नाही म्हणता येत नसे. आगाशीजवळच्या त्यांच्या पाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्याचा मनमुराद फायदा घेत. कुणी केळफूल मागितलं तर त्या केळफूल देत आणि वर ते सोलूनही देत. लग्नसराईत तर विचारायलाच नको. काकी धवलारीण. हळदीला आणि मांडवात धवळे गाणारी बाई, देवांना आणि पूर्वजांना नावानिशी लग्नाला बोलावणारी. एका दिवशी दोन घरची हळद आली तरी त्या दोन्हीकडे हो म्हणायच्या आणि रात्री घसा बसला की गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करत बसायच्या.

मात्र एक गोष्ट त्या कधीच करत नसत. आवतण आल्याशिवाय कुणाच्या मांडवात पाऊल टाकत नसत. सासूने गाणी शिकवताना हाच पहिला धडा दिला होता. धवलारणीला घरच्यांनी बोलवायचं, तिने विचारायला जायचं नाही. मग ते घर सख्ख्या दिराचं का असेना.

म्हणून तर यंदा त्यांच्या जिवाला घोर लागला होता. शेजारच्या पाड्यातल्या धनेशची मुलगी, दिपिका, तिचं लग्न ठरलं होतं. धनेशच्या आईच्या मांडवात काकींच्या सासूने गायलं होतं, धनेशच्या मांडवात काकींनी. दिपिका तर लहानपणी काकींच्या मांडीवर बसून धवळे ऐकत झोपायची. हळद तोंडावर आली, तरी त्या घरून एक शब्द नाही. दोन वर्षांपूर्वी धनेशच्या मुलाच्या, विघ्नेशच्या हळदीला त्यांनी काकींना न बोलवता डीजे आणला होता. तेव्हा काकी कुणाशी काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री जेवल्याही नाहीत. आता दिपिकाही तशीच निघाली म्हणायची!

गुडघा सुजल्यामुळे काकींचं बाजारात जाणं थांबलं होतं. सकाळ-संध्याकाळ त्या दाराशी, पायरीवर बसत. कुणी येताना दिसतंय का ते बघत. फोन कमरेच्या बटव्यात असे. तो वाजे तेव्हा फुलपाड्याहून मुलाचा, प्रितेशचा असे. "जेवलीस का, गोळी घेतलीस का?" एवढं विचारून तो ठेवून देई. फोन नीट लागतो, बोलणं नीट ऐकू येतं. मग फोनमध्ये काही बिघडलंय असं कुणाच्या मनात येणार?

बिघडलं होतं ते असं. दिवाळीनंतर प्रितेश आणि सून हेमांगी फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. जाताना घरातलं इंटरनेट बंद केलं, पण माडीवर भिंतीला लावलेला वायफायचा डबा तसाच राहिला. काकींनी त्याचं बटण कधी बंद केलं नाही. रात्री माडीच्या खोलीत ते हिरवे दिवे लुकलुकले की कुणीतरी घरात आहे असं त्यांना वाटे. त्यातला एक दिवा तांबडा झाला होता, तोही त्यांना छानच वाटे.

तो डबा अजून वायफाय पाठवत होता. जाड भिंतीतून, खालच्या पायरीपर्यंत, कसंबसं, पण पाठवत होता. फक्त त्याच्या पाठीमागे इंटरनेट नव्हतं. रिकाम्या विहिरीवर राहाट फिरावा तसं. काकींच्या फोनने एकदा प्रामाणिकपणे विचारलंही होतं, की या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का? खाली एक चौकोनही होता, पुन्हा विचारू नका म्हणून. काकींनी चष्मा लावून सगळं वाचलं. घरच्याच नेटवर्कला नाही कसं म्हणायचं? त्यांनी चौकोनात खूण केली आणि 'होय' दाबलं. तेव्हापासून तो गुणी फोन त्या नापीक वायफायला धरून बसला. सिमकार्डावर चांगला डेटा चालू होता, त्याच्याकडे ढुंकूनही बघेना. गुडघा धड होता तेव्हा काकी बाजारात गेल्या की वायफायची पकड सुटे आणि अडकलेले सगळे मेसेज एकदम येत. लोकांना आपण बाजारात असतानाच आठवतो, एवढाच अर्थ काकींनी त्यातून काढला होता.

हळदीचा दिवस उजाडला. वारा नेमका तिकडून होता. सकाळीच धनेशच्या अंगणातला स्पीकर ऐकू आला. धवळेच होते, पण फोनमधले, कुणा परक्या बाईने गायलेले. त्यात दिपिकाच्या आजीचं नाव नव्हतं, कुलदेवीचंही नव्हतं. काकींनी चहा तसाच ठेवला.

"ऐकवत नाय बाय मला," असं स्वतःशीच म्हणत त्या काठी टेकत वाडीत निघाल्या. पार टोकाला, केळींच्या पलीकडे, जिथे स्पीकर जरा कमी ऐकू येतो.

तिथे उभ्या राहिल्या न राहिल्या तोच बटवा थरथरला. मग पुन्हा. मग थांबेचना. काकींनी फोन काढला. दिपिकाचं नाव, एकाखाली एक. त्यांनी पहिला आवाजी मेसेज दाबला.

"हंसाकाकी, पप्पा म्हणतात, तुमच्या घरी यायला त्यांना तोंड नाही, दादाच्या हळदीवरून. म्हणून मीच आवतण करते. माझे धवळे तुम्हीच गायचे. काकी, याल ना?"

पुढचा होता, "काकी, रागावलात का?" आणि शेवटचा, काल रात्रीचा, नुसता हुंदका आणि मग "बरं, ठीक आहे काकी."

आपण या पोरीला मनातल्या मनात काय काय म्हणालो, या विचाराने काकींना स्वतःची लाज वाटली. त्यांनी हेमांगीला फोन लावला आणि रडत रडतच सगळं सांगितलं.

हेमांगीने दोनचार प्रश्न विचारले आणि कपाळावर हात मारून घेतला. "आई, माडीवरचा डबा चालू आहे का अजून? फोन त्यालाच चिकटलाय. त्याला नेट नाहीये. आधी त्याचं बटण बंद करा."

"पन तो प्रितेशने लावलेला ना ग."

"आई, प्रितेश रविवारी येतोय. डबा बंद करा."

काकी गुडघा धरत माडीवर चढल्या. बटणावर बोट ठेवून जरा थांबल्या, आणि दाबलं. दिवे विझले. खोली एकदम परक्याची वाटली. पण रडायला वेळ नव्हता. त्यांनी पेटीतलं हिरवं लुगडं काढलं.

धनेशच्या मांडवाच्या तोंडाशी त्या पोचल्या तेव्हा दिपिका पाटावर बसली होती, गालांना हळद, मान खाली. धनेशने काकींना पाहिलं आणि आधी स्पीकर बंद केला.

दिपिका उठून आली. "काकी, मेसेजवर एकच टिक यायची. विघ्नेशदादा म्हणाला, तुम्ही मला ब्लॉक केलंत. मग फोन करायचा धीरच झाला नाही."

"ते काय असतं?"

दिपिकाला कसं सांगावं कळेना. "म्हणजे... आम्ही बोलवत राहायचं, आणि तुम्ही दार लावून आत बसायचं."

"नाय ग माझी बाय," काकींनी तिचा हळदीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मी तर रोज दारातच बसलेली, तुझी वाट बघत."