अर्ज घ्यायला घरी जाणाऱ्या बाई

आमच्या जीवशास्त्राच्या बाई प्रात्यक्षिकाच्या फायलींबाबत भारी कडक. आकृतीत पेन्सिलीनं छटा दिल्या, पान परत. नावांच्या रेघा वाकड्या, पान परत. मी शेजारच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकवतो. माझ्याकडे ॲसिडचे डाग पडलेल्या फायलीही खपून जातात, म्हणून मुलं मला देवमाणूस समजतात. बाईंना काय समजतात ते लिहिण्यासारखं नाही.

पण मूल आजारी पडलं, की ह्याच बाई मुदतवाढीचा अर्ज घ्यायला त्याच्या घरी जातात. शाळेत अर्ज घेत नाहीत. नव्या शिक्षकांना हा विक्षिप्तपणा वाटतो. आम्हा जुन्यांना कारण ठाऊक आहे, आणि तो विषय आम्ही काढत नाही.

बाईंची मुलगी त्यांच्याच वर्गात होती. घरात आई, शाळेत बाई, हा त्यांचा खाक्या. फायली द्यायच्या आठवड्यात ती तापानं फणफणली. अंथरुणातच तिनं अर्ज लिहिला आणि आईपुढे धरला. बाई म्हणाल्या, "शाळेत आणून दे. सगळे देतात तसा." दोन दिवसांनी मुलगी गेली. अर्ज द्यायचा राहूनच गेला.

परवा टायफॉइडमधून उठलेली एक मुलगी अर्ज घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. फाइल द्यायची शेवटची तारीख तीच होती. सही झालेली फाइल नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून पोरगी धास्तावलेली. तिला दारात बघून बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"उठलीस कशाला? घरी चल."

"बाई, आधी अर्ज तरी घ्या ना."

"इथे नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, संपलं सगळं. खरं सांगतो, मला बाईंचा रागच आला. पण दोघींना तसं सोडवेना, म्हणून मीही निघालो.

मुलीच्या घरी पोचल्यावर बाईंनी तिला अंथरुणावर निजवलं, पांघरूण घातलं आणि मग हात पुढे केला. "दे आता." अर्ज उभ्याउभ्याच वाचला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत मुदत देते, असं त्यावर लिहून खाली सही केली. "बुडलेले दोन प्रयोग मात्र माझ्यासमोर करायचे. न केलेल्या प्रयोगावर मी सही करत नाही."

मुलीच्या आईचा जीव भांड्यात पडला. मी चपला पायात सरकवल्या. बाई मात्र हलेनात. त्या मुलीच्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या. ताप केव्हाच उतरला होता.

"अजून काही हवंय का?"

"नाही बाई. एवढंच हवं होतं."

"माग की," बाई हळूच म्हणाल्या. "काहीही माग. आता लगेच देते."

मुलगी बावरून आईकडे बघू लागली. मी पायातल्या चपला पुन्हा काढून ठेवल्या.