वरच्या पायरीवर बसवलेली पाहुणी

पोरी, तू समोर असतीस तं म्हटलं असतं, ये इकडं, जवळ बस. तिथं दाराशी पाहुण्यासारखी काऊन बसली? आणि फोनवर काय बोलतेस, "मावशी, उन्हाळ्यात नाही येत, तुमचं बिल येते." असं बोलतात का मावशीले? तू बोललीस ते बरोबर असेल, म्हणूनच मले जास्त लागलं. आज लिहूनच काढते, तोंडानं सांगायले गेले की मी भलतीकडंच जाते.

तुझ्या आईचं ऑपरेशन झालं तो वैशाख होता. डॉक्टर म्हणाले, टाक्याले घाम लागू देऊ नका. जळगाव जामोदच्या तुमच्या घरावर टिनं, म्हणून मी तिले चिखलीले घेऊन आले. माझ्या लेकाचं इलेक्ट्रिकचं दुकान, त्यानं दोन वर्षांआधी आतल्या खोलीत एसी बसवला होता. कोणी लावत नसे. ती आली आणि दिवसाचे आठ-आठ तास लागायले लागला.

वीस दिवसांनी बिल आलं. तिप्पट. मी घाबरले. लेक म्हणाला, "थांब आई, एसीचा वाटा काढून दाखवतो." हिशेबाची त्याले लहानपणापासून हौस. एक दिवस ओट्यावरच्या मीटरचं रीडिंग बारा वाजता घेतलं, मंग चार वाजता. एसी चालू होता, सहा युनिटं पडली. दुसऱ्या दिवशी तुझी आई पट्टी बदलायले दवाखान्यात गेली, तेव्हा एसी बंद ठेवून तेवढेच तास मोजले. एक पडलं.

"म्हणजे चार तासाले एसीचे पाच," तो म्हणाला. "दिवसाले दहा, वीस दिवसाले दोनशे. गेल्या महिन्यात आपले एकशे चाळीस होते, या महिन्यात तीनशे चाळीस. जुळलं पाह्य."

मी म्हटलं, "युनिटं तं अडीचपटीच्याही आत आहेत, मंग बिल तिप्पट काऊन?"

"पहिले शंभर स्वस्त असतात, आई. पुढं तीनशेपर्यंत जवळपास दुप्पट भाव, तीनशेच्या वर आणखी महाग. खालच्याचा भाव बदलत नाही, वरचे तेवढेच महाग पडतात. आपल्या घरच्या युनिटांनी स्वस्तातली जागा आधीच धरली, एसी मागून आला तो सगळा महागात बसला. युनिटानं पाह्यलं तं त्याचा वाटा दहात सहाही नाही, पैशानं पाह्यलं तं सात."

आणि मी हसून बोलले, "म्हणजे दहातले सात माझ्या बहिणीचेच. मोठ्या घरची पाहुणी आहे बाप्पा."

थट्टाच होती. पण आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, लागलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तं एसी बंद. तुझी आई खाटेवर बसलेली, मानेवर ओला टॉवेल, पाठीवर पोलकं चिकटलेलं.

"लावू का व?" मी विचारलं.

"राहू दे बाई, मले थंडी वाजते."

वैशाखात, चिखलीत, भर दुपारी थंडी. मले समजायले पाहिजे होतं. मी म्हटलं, "बरं."

चार दिवसांनी तिनं पिशवी भरली. टाके वाळले म्हणाली, घरचं दळण पडलंय म्हणाली. मी एसटीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "बिल भरलं का व?" मी हो म्हटलं. भादव्यात ती गेली. उन्हानं गेली असं कोणी म्हटलं नाही, डॉक्टरांनीही नाही. पण टिनाखालचे ते दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात लेकानं पुन्हा एसी लावला, तेव्हा मी त्याले विचारलं, "मीटरले कसं समजते रे, वरचे युनिट कोणाचे?"

तो म्हणाला, "मीटरले काही समजत नाही. ते फक्त एकूण मोजते. कोणाले आधी धरायचं, कोणाले मागून, ते आपण ठरवतो. एसी आधी धरला तं फ्रीज आणि टीव्ही वरच्या भावात जातील."

त्या वीस दिवसांत कूलर काढलाच नव्हता आम्ही. कारण दुपार झाली की सगळं घर तिच्याच खोलीत. नातवंडं तिथंच, मी तिच्या पायथ्याशी पडलेली, सून तिथंच भाजी निवडायची. गारवा सगळ्यांनी घेतला. आणि हिशेबात महागाच्या पायरीवर एकटी तिले बसवली, ती मागून आली म्हणून.

हे तिले सांगायचं राहून गेलं. म्हणून तुले सांगते. लेकाचं गणित बरोबर होतं, एसी महागच पडतो. माझं बोलणं चूक होतं.

तर पोरी, पावसाळ्याची वाट पाहू नको. येत्या वैशाखातच ये, लेकरांले घेऊन ये, आणि ये तेव्हा लवकर ये, हिशेबात तुम्हाले आधी धरते. आतल्या खोलीतली खाट मी हलवली नाही.