चष्म्यावरचे दोन ठिपके

शाळेतून निरोप आला तेव्हाच मी नको म्हणायला पाहिजे होतं. जूनपासून मान वर करायला फुरसत नव्हती, पाठ तर रोजच रडत होती. पण मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "करिअर दिवस आहे. चष्मा कसा बनतो, एवढंच दहा मिनिटं सांगा." अहमदपुरात अठ्ठावीस वर्षं चष्मेच बनवतोय. नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

आठवीचा वर्ग. माझ्याआधी एक पोलीस बोलून गेला होता, त्याच्या टाळ्या अजून पोरांच्या हातात होत्या. मला बघून कुणी टाळी वाजवली नाही. मी पिशवीतून एक गोल, जाड काच काढली. "ही खरं तर काच न्हाई, प्लास्टिक हाय," म्हटलं. "डॉक्टर नंबर लिहून देतो. त्या नंबरची गोल काच लातूरहून येते. आम्ही ती फ्रेमच्या मापाची घासतो, कडेला धार काढतो, फ्रेम गरम करून त्यात बसवतो. झाला चष्मा."

"एवढंच?" मागून एकजण म्हणाला. लई राग आला. अठ्ठावीस वर्षं, आणि एवढंच!

"एवढंच न्हाई," मी म्हणालो. "काचेचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर यायला पाहिजे. म्हणून आधी पट्टी लावून दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. तो मध्य हुकला तर नंबर बरोबर असूनही चष्मा चूक." हे अब्बांचं वाक्य. दुकान त्यांचं, हात त्यांनीच घडवला. पट्टी लावल्याशिवाय त्यांनी कधी काच घासायला घेतली नाही.

दाखवतो म्हटलं आणि फळ्यावर मोठी फुली काढली. चष्मा कुणाचा घेऊ? पहिल्या बाकावरच्या मुलीनं आपला काढून दिला. फ्रेम माझ्याच दुकानातली, जूनमधली. मी खुश झालो, आपलंच काम दाखवायचं.

वर्गशिक्षक भिंतीला टेकून होते. म्हणाले, "हिचा नका घेऊ. हिचं रोजचं नाटक आहे. फळ्याकडं बघितलं की डोकं दुखतं म्हणे. सोमवारपासून स्कॉलरशिपच्या तासातून नाव काढतोय." मुलगी बाकाकडं बघत राहिली.

मी मागच्या भिंतीपाशी गेलो. हात लांब करून चष्मा धरला, एक डोळा मिटला आणि काचेतून ती फुली बघितली. काच थोडी सरकवली की आतली रेघ बाहेरच्या रेघेपासून तुटते. दोन्ही रेघा जिथं अखंड जुळतात, तिथं काचेचा मध्य. दोन्ही काचांवर पेननं एकेक ठिपका दिला. "आता घाल बेटा."

तिनं चष्मा घातला. ठिपके बाहुल्यांवर नव्हते, दोन्हीकडं कानाच्या बाजूला सरकलेले होते. खिशातली पट्टी काढून मी मोजलं. बाहुल्यांमधलं अंतर छप्पन्न मिलिमीटर, ठिपक्यांमधलं चौसष्ट.

चौसष्ट मोठ्या माणसाचं माप. शाळा उघडतानाच्या गर्दीत पट्टी लावायचा कंटाळा यायचा, तेव्हा मी अंदाजपंचे चौसष्ट लिहायचो. मोठ्यांना बहुतेक चालून जायचं. हिचा नंबर उणे पाचाचा. एवढ्या नंबरला फळ्याकडं बघताना डोळ्यांना दिवसभर बाहेर ओढ पडते. पाच महिने त्या पोरीचं डोकं मी दुखवत होतो, आणि नाटकी ती ठरली होती!

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. ठिपके रुमालानं पुसायचे की झालं. खोटं कशाला बोलू, ते मनात येऊन गेलं. गावात नावावरच दुकान चालतं.

"पोरांनो, हा चष्मा चुकलाय," मी म्हणालो. "नंबर बरोबर हाय, मध्य चुकलाय. मी मोजलंच न्हाई. हिचं डोकं खरंच दुखत होतं." मग शिक्षकांकडं वळलो. "सर, नाव काढू नका. परवापर्यंत नवीन काचा मी स्वतः आणून देतो. त्यानंतरही दुखलं तर डॉक्टरकडं मी घेऊन जातो."

सरांनी पुढं येऊन ते दोन ठिपके बघितले. मग म्हणाले, "नाव राहील." मुलगी तोंडावर ओढणी धरून रडायला लागली, आणि मला कुठं बघावं तेच कळेना.

तास संपला. मी काचा पिशवीत भरत होतो तेव्हा ती टेबलाशी आली. डोळे पुसलेले, ठिपके तसेच.

"चाचा, माझ्या लहान बहिणीचा चष्मा पण तुमच्याकडचाच आहे. दुसरीत आहे. तिचं पण दुखतं, पण तिला सांगता येत नाही."

पट्टी अजून माझ्या हातातच होती. "दुसरीचा वर्ग कुठंय?" मी विचारलं. ती पुढं चालायला लागली, मी मागं.