पप्पांचं घड्याळ, उलटं टांगलेलं

तेरेझा आल्मेडाच्या डाव्या मनगटावर एक फिकट पट्टा आहे. बाकीचा हात मालवणच्या उन्हाने चांगला भाजलेला, आणि तेवढी दोन बोटं रुंद जागा आतल्या कातडीसारखी गोरी. एकतीस वर्षं तिथे घड्याळ होतं. आता नाही. ते का नाही, ही तिचीच गोष्ट.

घड्याळ तिच्या पप्पांचं. जेरी आल्मेडा मालवाहू बोटीवर कुक होते. लेक नर्सिंग पास होऊन आली त्या दिवशी त्यांनी हातातलं घड्याळ काढून तिच्या हातावर बांधलं. म्हणाले, "ह्या सेकंदकाट्यावर मी बोटीर अंडी उकडलंय. तू माणसांचे ठोके मोज." स्टीलची पेटी, चावीचं, पांढरी तबकडी, आणि वर तांबडा लांब सेकंदकाटा, अजिबात न अडखळता फिरणारा. चामड्याचा पट्टा पप्पांनी शेवटच्या सफरीत गोव्याला उतरून घेतलेला. त्यांच्या मागे तो तेरेझाने जिवापाड जपला. खाऱ्या हवेत चामडं तडकतं, म्हणून दर रविवारी चर्चमधून, मिस्साहून आल्यावर ती त्याला खोबरेल चोळायची. घरचं, वासाचं खोबरेल. पट्टा काळाभोर, मऊ, नवऱ्यामुलासारखा चकचकीत. तिला त्याचा अभिमान होता, आणि अभिमान असावा असाच तो होता.

किनाऱ्यालगतच्या त्या लहानशा सरकारी रुग्णालयात तिच्या हाताखाली तीन पिढ्यांच्या नर्सेस शिकल्या. तिची शिकवण एकच. नाडी धरायची तर तीन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. आणि ठोका अडखळत असेल तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, पुरं मिनिट मोजायचं. "गुणाकार बाजारात करा," ती म्हणायची, "हयसर माणूस आसा."

मग नम्रता आली. जिल्ह्याहून संसर्ग रोखण्याचं प्रशिक्षण घेऊन आलेली, तिशीतली, बोलायला गोड पण सोडणारी नव्हे. तिने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या अंगठ्या, गंडे, बांगड्या आणि घड्याळांचे पट्टे कापसाच्या काडीने पुसून नमुने तपासायला पाठवले. जंतू वाढवायच्या काचेच्या बशा परत आल्या तेव्हा कुणाचं नाव न घेता, नुसते नंबर लावून तिने त्या टेबलावर मांडल्या. नंबर चारच्या बशीवर पिवळसर जंतूंची अशी दाटी झाली होती की जणू दहीच विरजलंय.

"चार नंबर कुणाचो?" कुणीतरी विचारलं.

नम्रता बशीवर झाकण ठेवू लागली. तेरेझाने मात्र आपला नंबर लक्षात ठेवला होता.

"माझो," ती म्हणाली. "सांग ना! लपवतस कित्याक?" आवाज चढला होता. "एकतीस वर्सां मी स्पिरिटान पुसतंय ह्या."

"सिस्टर, पेटी पुसली जाते, चामडं नाही. तेल मुरलं की त्यात सगळं चिकटून राहतं. आणि पट्ट्याखालचं मनगट आपण धुतच नाही."

तेरेझाला राग आला. रागाखाली जे होतं ते जास्त वाईट होतं. एकतीस वर्षांत किती बाळंतिणी, किती टाके घातलेली पोटं, किती भाजलेली पोरं या मनगटाखालून गेली? कुणाला काय लागलं असेल, हे आता कधीच कळणार नव्हतं. नम्रताने तसा आरोप केला नव्हता, करणारही नव्हती. पण आरोप करायला दुसरं माणूस लागतंच असं नाही.

तिने घड्याळ काढलं आणि लॉकरमध्ये ठेवलं. नियम सोपा होता. वॉर्डात कोपराखाली काहीही नको.

आता नियम काढणाऱ्यांची एक गंमत बघा. कोपराखाली काही नको, हे बरोबर, शंभर टक्के बरोबर. पण मग काटा बघायचा कुठे? वॉर्डातलं एकमेव भिंतीवरचं घड्याळ खांबामागे, सात नंबरच्या खाटेवरून दिसायचं नाही. शिवाय सेल संपून ते दीड महिना सव्वादहावर उभं. सेलसाठी अर्ज केलेला, अर्ज कुठल्यातरी टेबलावर झोपलेला. पोरी खिशातून मोबाईल काढायच्या. तो मोबाईल कुठकुठे ठेवला जातो हे ज्याने पाहिलंय त्याने त्याबद्दल बोलू नये.

तेरेझा बाजारात गंगारामकडे गेली. घड्याळं दुरुस्त करणारा, डोळ्याला भिंग लावून बसणारा, तिच्याच वयाचा.

"रबरी पट्टो घाल गो," तो म्हणाला. "साबणान धू, गरम पाण्यान धू, काय्येक होवचा नाय."

दुसऱ्या दिवशी तिने नम्रताला विचारलं. नम्रताने नकारार्थी मान हलवली. "स्वयंपाकघरात, ऑफिसात चालेल, सिस्टर. पेशंटला हात लावताना नाही. पट्टा धुतला जाईल, पण तो हातावर असताना मनगट धुतलं जाणार नाही."

पोरगी खरं बोलत होती, आणि खरं बोलणाऱ्यावर चिडता येत नाही म्हणून तेरेझा आणखी चिडली.

घड्याळ लॉकरमध्ये जाऊन चौथा दिवस. सकाळचे आठ. सात नंबरच्या खाटेवर देवबागच्या सुभद्राकाकी होत्या, चौऱ्याहत्तरच्या, हृदय कमजोर, श्वासासाठी दाखल झालेल्या. त्यांना रोज सकाळी डिगॉक्सिनची बारीक गोळी असायची. ठोके आवरणारी ही गोळी देण्याआधी ठोके मोजायचे. साठच्या खाली असतील तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. गोळी अंगात साठली तर हृदय मंद होत थांबूही शकतं.

नवी नर्स दिव्या गोळी वाटीत घेऊन उभी होती.

"मोजलंस?" तेरेझाने विचारलं.

"चौसष्ट, सिस्टर. मोबाईलवर पंधरा सेकंद लावून. बोटाला लावायच्या मशीनवर मात्र कधी ब्याण्णव दाखवतंय, कधी पंचावन्न. काकींची बोटं थंड आहेत."

तेरेझाने काकींकडे पाहिलं. चहा तसाच होता, पाव तसाच.

"काय गो काकी, चाय नको?"

"मळमळता गो. कालपासून." काकी भिंतीकडे बघत होत्या. "भिंतीक हळदीचो रंग कधी काढलास? बरो दिसणा नाय."

भिंत पांढरी होती. दर गणपतीला चुन्याने रंगवलेली पांढरी.

मळमळ, आणि पिवळं दिसणं. गोळी साठल्याची ही खूण तेरेझाने पुस्तकात वाचली होती आणि प्रत्यक्ष दोनदाच पाहिली होती.

"वाटी खाली ठेव," ती दिव्याला म्हणाली. "पुरां मिनिट मोजूक होया."

खांबामागे सव्वादहा. दिव्याने खिशातून मोबाईल काढून पुढे केला.

"तो आत ठेव."

ती लॉकरकडे गेली. घड्याळ हातात घेतलं आणि क्षणभर पट्टा मनगटाला लावलाही. सवयच ती. कोण बघणार होतं? नम्रता सुट्टीवर होती. मिनिटाचा तर प्रश्न. आणि तेवढ्यात तिला बोटीचं स्वयंपाकघर दिसलं. ती लहान असताना मुरगावला एकदा पप्पांनी बोट दाखवायला नेलं होतं. पप्पा पिठात कोपरापर्यंत हात घालून पाव मळत होते. मनगट मोकळं. घड्याळ छातीवर एप्रनला, दोरीने सेफ्टीपिनवर टांगलेलं. उलटं! बारा खाली, सहा वर.

"पप्पा, उलटां झालां," ती म्हणाली होती.

"तुका उलटां, माका सुलटां," पप्पा हसले होते. "मान खाली घातली की बरोबर दिसता. हातार घातला तर पिठात बापायचो घाम आणि पट्ट्याचो मळ. खाणारो माणूस आसा गो."

एवढी साधी गोष्ट, आणि एकतीस वर्षं ती विसरली! पप्पांनी घड्याळ दिलं तेव्हा त्यांचं पीठ मळणं संपलं होतं, ते मनगटावर घालायला मोकळे होते. तिच्या हातांचं काम तर तेव्हा सुरू झालं होतं.

तेरेझाने बँडेजची कात्री उचलली आणि पट्टा कापला. दोन्ही बाजूंनी, कचकन. पप्पांचं चामडं दोन तुकडे होऊन लॉकरच्या तळाशी पडलं. तिने तिकडे पाहिलं नाही. पेटी स्पिरिटने पुसली, सहाच्या बाजूच्या दांडीतून नवी गॉझपट्टी ओवली, सेफ्टीपिनने खिशाच्या वर लावली आणि चावी दिली. चावीवाचून ते लॉकरमध्ये कधीच बंद पडलं होतं, साडेतीन दाखवत होतं. तांबडा काटा निघाला. वेळ चुकली तरी मिनिट मिनिटच असतं.

मग हात धुतले. बोटांमध्ये, नखांखाली, आणि मनगट, तो गोरा पट्टासुद्धा.

काकींच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून तिने मान खाली घातली. काटा बारावर आला. एक. दोन. मध्येच थांबा. मग दोन घाईघाईत. पहिल्या पंधरा सेकंदांत सोळा, दिव्याचे चौसष्ट. पुढच्या पंधरात बारा. मग तेरा. मग अकरा.

"बावन," ती म्हणाली. "गोळी द्यायची नाय. डॉक्टरांका फोन लाव."

डॉक्टर विनीत धावत आले. ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवलं, गोळी बंद केली. "ही दिली असती तर संध्याकाळी मला काय दिसलं असतं कोण जाणे," ते म्हणाले. दिव्या भिंतीला टेकून रडत होती. तेरेझाने तिच्या पाठीवर थोपटलं. "रडा नको. चुकी गुणाकाराची, तुझी नाय. उद्यापासून पुरां मिनिट."

दुसऱ्या दिवशी नम्रता आली. छातीवर टांगलेलं घड्याळ तिने बराच वेळ पाहिलं.

"घालूक देतलंस?" तेरेझाने कडक आवाजात विचारलं.

"दररोज पेटी पुसायची. गॉझ नको, धुता येईल असं काहीतरी हवं. आणि हात लावलात तर पुन्हा हात धुवायचे."

"तां माका शिकवा नको."

"बरां, सिस्टर," नम्रता म्हणाली, आणि पहिल्यांदाच मालवणीत म्हणाली. पुढच्याच आठवड्यात तिने स्वतः सेल आणून, स्टुलावर चढून, भिंतीवरचं घड्याळ खांबाच्या अलीकडे, सात नंबरवरून दिसेल असं लावलं.

गंगारामने सिलिकॉनची टांगणी बसवून दिली, निळी, साबणाने धुता येणारी. पैसे घेईना. कापलेला पट्टा मात्र मागत होता, दुकानात नमुना म्हणून ठेवायला. तेरेझाने दिला नाही.

सहाव्या दिवशी सुभद्राकाकींनी पाव खाल्ला, आणि दुसरा मागितला. घरी जायच्या सकाळी त्यांनी आपणहून हात पुढे केला.

"मोज गो. पुरां मिनिट."

तेरेझाने तीन बोटं ठेवली.

"ह्या घड्याळ उलटां कसां?" काकींनी विचारलं.

"गप ऱ्हवा. मोजतंय."

काकी भिंतीकडे बघत राहिल्या.

"पांढरी आसा," त्या हळूच म्हणाल्या.

"काकी!"

"बरां बरां."

तेरेझाने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.