कलावतीबाईंचं फाटक

कलावतीबाई अक्षर काढायच्या ते असं, की वाण्याला दिलेली यादीसुद्धा लग्नपत्रिकेसारखी दिसावी. याच अक्षराने एकदा त्यांचं नाक कापलं, आणि याच अक्षरामुळे पुढे अख्खी निवडणूक त्यांच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

हे पंच्याऐंशी सालचं. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत आपली मराठी घरं तीसेक असतील. कलावतीबाई मूळच्या अकोल्याच्या. नवरा शेषराव यार्डात शंटिंगला, म्हणजे मालगाडीचे डबे जोडायचे, तोडायचे, या रुळावरून त्या रुळावर ढकलायचे. हे ढकलणं चाले सकाळी साडेसहा ते आठ, आणि तेवढ्या वेळात कॉलनीबाहेरचं रुळांवरचं फाटक एकदा पडलं की पाऊण-पाऊण तास बंद. फाटकाच्या पलीकडे मुलींची शाळा. आदल्या साली शेजारच्या शकुंतलाबाईंची मुलगी दहावीच्या गणिताला पोचली, तर वर्गाचं दार लागलेलं. पोरीचं वर्ष गेलं. आणि यंदा मार्चमध्ये दहावीला कोण, तर कलावतीबाईंची रत्नमाला.

म्हणजे बघा, नवरा फाटक बंद करणारा आणि लेक फाटकात अडकणारी. बाईंना झोप कुठून लागणार? शेषरावांना म्हटलं, तर ते म्हणायचे की वेळापत्रक वरून येतं, मी काय साहेब आहे का. कॉलनीतून रेल्वेकडे अर्ज तीन गेले होते. कुठे गेले, देवाला ठाऊक.

मार्चमध्येच विधानसभेचं मतदान होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं, तशी बाईंना युक्ती सुचली. वाण म्हणून कुणी कंगवा देतं, कुणी गाळणी. यांनी दिलं पोस्टकार्ड. तेही कोरं नाही हं. बायकांची हिंदी कच्ची, मात्रा चुकतील, वेलांट्या हरवतील, या मायेपोटी बाईंनी तीन दुपारी बसून एकतीस कार्डांवर मजकूर स्वतःच लिहून काढला होता. खाली सही तेवढी करायची. बायकांनी तिळगूळ खाल्ला, सह्या ठोकल्या, आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत एकतीस कार्डं एकदम पडली. पत्ता ‘मरुवाणी’ नावाच्या हिंदी पेपरच्या संपादकांचा.

चौथ्या दिवशी पेपरात चौकट आली. दोन कार्डांचा फोटो शेजारी शेजारी, आणि वर मथळा: एक हात, इकतीस दस्तखत, किस पार्टी का खेल?

शेषरावांनी चहा पिता पिता तो फोटो पाहिला. मग वाण्याची यादी काढून त्याच्या शेजारी धरली. मिशी तेवढी हलत होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरी कुणी असती तर पांघरूण घेऊन बसली असती. कलावतीबाईंनी तिळगुळाचा डबा भरला, शकुंतलाबाईंना बरोबर घेतलं आणि सरळ पेपरचं ऑफिस गाठलं. पत्रांचं टेबल सांभाळणारे सुखदेवजी नावाचे गृहस्थ होते, कानाला पेन, बोटांना शाई. बाईंनी डबा ठेवला आणि सांगून टाकलं की पार्टी-बिर्टी काही नाही, तो हात माझा.

सुखदेवजी इतके हसले की पेन कानावरून पडलं. मग त्यांनी समोरचा ढीग दाखवला. निवडणूक आली की पक्षांची माणसंच अशी पत्रं पाठवतात, एकाच मजकुराची, नावं बदलून. म्हणून सारखी दिसली की बाजूला. दुसरा ढीग टाइप केलेल्या कागदांचा. उमेदवारांचं भाषण व्हायच्या आधीच त्याची बातमी लिहून इथे येते. पानं रोज भरायची असतात, वार्ताहर मोजके, मग तेच छापलं जातं. लोक तेच वाचतात, चहाच्या टपरीवर तेच बोलतात. उमेदवाराची माणसं टपरीवर कान देतात आणि साहेबांना सांगतात की लोक अगदी तुमचंच बोलताहेत.

शकुंतलाबाईंनी विचारलं, की मग लोकांना कुणाला मत द्यायचं ते तुम्हीच सांगता की काय.

“नाही बहनजी,” सुखदेवजी म्हणाले. “मत कुणाला द्यायचं, हे माझी बायकोसुद्धा मला विचारत नाही. पण कशावर बोलायचं, ते आमचं पान बघून ठरतं. एकसारखी एकतीस पत्रं म्हणजे मला एकच पत्र. एकतीस निरनिराळी द्या, ती बातमी आहे.”

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतंच. बाईंनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं, आणि या वेळी वाण कोरं कार्ड. लेखणीला हात लावायचा नाही, अशी शपथ घेऊन त्या स्वतः चक्क हातात चमचा धरून बसल्या. कुणी लिहिलं की दूधवाला फाटकात अडकतो आणि दूध फाटतं. कुणी लिहिलं, सासऱ्यांना दवाखान्यात नेताना रिक्षा पाऊण तास उभी. शकुंतलाबाईंनी दोनच ओळी लिहिल्या, मुलीचं नाव, वर्ष आणि विषय. मात्रा चुकल्या, वेलांट्या हरवल्या. कार्डंही रोज चार-पाच अशी टाकली.

आधी आतल्या पानावर तीन पत्रं आली. ती वाचून फाटकापलीकडच्या लोकांनी लिहिलं, त्यांची तर आपल्याशी ओळखसुद्धा नाही. मग पेपरचा वार्ताहर घड्याळ घेऊन फाटकाशी तीन सकाळी उभा राहिला: सत्तेचाळीस मिनिटं, बावन्न, एकोणपन्नास. शाळेच्या दप्तरांची रांग फोटोत आली, आणि फाटक तिसऱ्या पानावरून पहिल्यावर. पेपर दर आठवड्याला शंभर मतदारांना विचारायचा, तुमच्या भागाचा मोठा प्रश्न कोणता. पहिल्या आठवड्यात फाटकाचं नाव चौघांनी घेतलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एकतीस जणांनी. फाटक तर आधीही तेवढंच बंद असायचं, बाई म्हणायच्या, मग लोकांना आत्ताच कसं दिसलं.

पुढची गंमत तर आणखीच. एक उमेदवार तोवर देशाच्या एकतेवर बोलत होता, दुसरा महागाईवर. पहिल्याच्या सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यात रोज सकाळी पेपरची कात्रणं चिकटवली जात, ती बघून त्याने सभा कॉलनीत लावली. माइकवर एकता सुरू झाली, तशी मागून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, फाटकाचं बोला. दुसऱ्या दिवशी पेपरात तेवढंच छापून आलं. एकता गेली कुठल्या कुठे. तिसऱ्या दिवशी दोघांच्याही पत्रकांवर फाटक पहिल्या नंबरला. एक म्हणाला पूल बांधू, दुसरा म्हणाला मी तर केव्हाचा सांगतोय.

“आता कुणाला मत देणार गं?” शेषरावांनी विचारलं.

“तुम्ही द्याल त्याला नाही,” बाई म्हणाल्या.

आणि खरंच नाही दिलं. इतका गाजावाजा होऊनही घरातली मतं जिकडची तिकडेच पडली. पण दोन्ही उमेदवारांनी मतदानाआधी रेल्वेच्या साहेबांना पत्रं धाडली होती, आणि पेपरात रोज नाव येत होतं ते साहेबांच्या यार्डाचं. पुलाला वर्षं लागणार. वेळ बदलायला मात्र एक कागद पुरला. शंटिंग सकाळी नऊनंतर, असा हुकूम आला, आणि तो सहीसाठी पहिला कुणाच्या हातात पडला? शेषरावांच्या. त्यांनी तो घरी आणून बायकोपुढे ठेवला.

“अक्षर बघ,” म्हणाले, “तुझ्यापेक्षा वाईट आहे.”

गणिताच्या पेपराला रत्नमाला साडेसहाला निघाली. फाटक उघडं. पाच मिनिटांत परत आली, कंपासपेटी विसरली होती. फाटक उघडं. पेटी घेऊन पुन्हा धावली, तरी उघडंच. यार्डात इंजिन वाफ सोडत स्वस्थ उभं होतं आणि शेषराव लाल झेंडी काखेत मारून लेक रूळ ओलांडताना बघत होते. दारात उभ्या कलावतीबाईंना तेवढ्यात आठवलं, पोरीला दही-साखर द्यायची राहिलीच. त्या वाटी घेऊन चपला न घालताच धावल्या, आणि कुणी अडवलं नाही.